दूध संस्थेच्या अ‍ॅपची तपासणी: दोष किती गंभीर आणि किती वेळा आडवा येणारा?

एका तालुक्यातल्या दूध संस्थेचं मोबाईल अ‍ॅप आम्ही तिघांनी तपासलं. सभासद सुमारे ४००. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक, आणि दर अ‍ॅपवर दिसायचा. दर दहा दिवसांनी बिल, त्यातून पशुखाद्याची आणि उचल घेतलेल्या रकमेची कपात. अ‍ॅपवरूनच पशुखाद्याची मागणी करता यायची, बँक खातंही बदलता यायचं. एवढंसं अ‍ॅप, पण आमच्या यादीत ३१ दोष निघाले. संस्थेकडे प्रोग्रामर एकच आणि त्याचा वेळ महिन्यातून चार-पाच दिवस. म्हणजे खरा प्रश्न असा होता की ३१ पैकी पहिले कोणते पाच हातात घ्यायचे. या लेखात तेच दाखवते: दोष कसे शोधायचे, प्रत्येकाला गांभीर्य कसं द्यायचं आणि तो वापरणाऱ्याला किती वेळा भेटतो हे कसं ठरवायचं.

या पद्धतीला ह्युरिस्टिक इव्हॅल्युएशन म्हणतात. याकोब नील्सन आणि रोल्फ मोलिश यांनी ती १९९० मध्ये मांडली आणि नील्सन यांनी १९९४ मध्ये निकष नीट करून दहावर आणले. वापरणाऱ्यांना समोर बसवायचं नाही. तपासणाऱ्यांनीच ठरलेले निकष हातात घेऊन एकेक पडदा पाहायचा आणि निकष कुठे मोडतो ते लिहायचं.

आधी बैठक

एकट्याने करू नका. नील्सन यांच्या प्रकल्पांत एका तपासणाऱ्याला सरासरी ३५ टक्के दोष सापडले, पाच जणांच्या याद्या एकत्र केल्यावर सुमारे ७५ टक्के. एकाच्या नजरेतून सुटलेलं दुसऱ्याला दिसतं, म्हणून तीन ते पाच जण बरे. पाचाच्या पुढे माणसं वाढवली तर हाती लागणारं नवं फार थोडं असतं.

बसण्याआधी दोन गोष्टी कागदावर आणा. एक, अ‍ॅप कोण वापरतं. आमच्याकडे लिहिलं होतं: वय ३५ ते ६५, स्वस्तातला अँड्रॉइड फोन, अक्षरं मोठी करून ठेवलेली, मराठी वाचणारे, हात ओले किंवा गडबडीत. दोन, ते कोणत्या कामांसाठी अ‍ॅप उघडतात. आम्ही चारच कामं घेतली: आजचं दूध पाहणं, बिल पाहणं, पशुखाद्य मागवणं, बँक खातं बदलणं. कामं न ठरवता बसलं की माणूस सेटिंग आणि ‘आमच्याविषयी’च्या पडद्यांवर अर्धा तास घालवतो आणि बिलाचा पडदा पाचच मिनिटांत उरकतो.

तपासणी खऱ्या फोनवरच करा. मोठ्या पडद्याच्या संगणकावर अ‍ॅपची चित्रं पाहून बोटाला बटण लागतं की नाही हे कळत नाही. अँड्रॉइडच्या शिफारशीत दाबण्याची जागा निदान ४८ डीपी, म्हणजे पडद्यावरच्या मापाची एकेकं, सांगितली आहे, पण आकडा पाळलेला असूनही दोन बटणं एकमेकांना चिकटलेली असली तर चुकीचं दाबलं जातंच. शिवाय फोनची अक्षरं सर्वांत मोठी करून एकदा, नेट बंद करून एकदा आणि उन्हात उभं राहून एकदा अ‍ॅप पाहा. आमचे निम्मे महत्त्वाचे दोष याच तीन युक्त्यांनी सापडले.

दहा निकष, आणि त्यांतले जास्त कामाचे

निकष थोडक्यात असे. आत्ता काय चाललंय हे अ‍ॅपने दाखवावं. वापरणाऱ्याच्या बोलीतले शब्द असावेत. चुकून केलेलं मागे घेता यावं. एकाच गोष्टीला सगळीकडे एकच नाव आणि एकच वागणूक असावी. चूक होऊच नये अशी रचना असावी. लक्षात ठेवावं लागू नये, समोर दिसावं. रोजच्या वापराला जवळची वाट असावी. पडद्यावर नको ते नसावं. चूक झालीच तर ती काय, कशी सुधारायची हे साध्या भाषेत कळावं. गरजेला मदत सापडावी.

मोबाईलवर पहिला निकष सगळ्यांत जास्त मोडतो, असा माझा अनुभव आहे, कारण नेट येत-जात असतं आणि अ‍ॅप जुनी माहिती नव्यासारखी दाखवत राहतं. दुसरा भाषेचा. आमच्या अ‍ॅपच्या बिलात कपातीच्या ओळीला `Ded.` असं लिहिलं होतं आणि पुढे नुसता आकडा. गावात कुणीही या रकमेला दुसरं काही म्हणत नाही, कपातच म्हणतात. तरी तो शब्द अ‍ॅपमध्ये नव्हता.

निकष पाठ करण्याचा हट्ट धरू नका. एखादा दोष दोन निकषांत बसला तर दोन्ही लिहा आणि पुढे चला. कोणता निकष यावर वाद घालण्यात वेळ गेला की दोष बाजूलाच राहतो.

दोनदा फिरायचं, एकट्याने

प्रत्येकाने वेगळं बसायचं, एक ते दोन तास. पहिल्या फेरीत चारही कामं एकदा सरळ पूर्ण करायची, काही लिहायचं नाही. अ‍ॅप कसं चालतं, कुठून कुठे जातं एवढं अंगवळणी पडू द्यायचं. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पडद्यावर थांबून दहाही निकष मनात फिरवायचे आणि खटकेल ते लिहायचं. दोघांनी एकत्र बसून पाहिलं तर जो मोठ्याने बोलतो त्याचेच दोष यादीत येतात. म्हणून सगळ्यांच्या याद्या पूर्ण होईपर्यंत गप्पा नकोत.

नोंद कशी लिहायची यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. नवख्या माणसाची नोंद बहुतेक अशी असते: ‘तारीख मोठी करा.’ हा उपाय झाला, दोष नाही. आणि हा उपाय बरोबर आहे का हे ठरवायला दोष काय होता ते कुठेच लिहिलेलं नाही. आमच्यातल्या एकाने पहिल्या दिवशी हेच लिहिलं होतं. नंतर ती नोंद अशी झाली:

पडदा: ‘आजचं दूध’.
काम: सकाळी दूध घातल्यावर फॅट आणि दर पाहणं.
काय होतं: नेट नसताना अ‍ॅप उघडलं तर काल संध्याकाळचे आकडे दिसतात. वर मथळा ‘आजचं दूध’ असाच राहतो. तारीख खालच्या कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरांत आहे. नेट नाही याची कुठेही सूचना नाही.
निकष: आत्ता काय चाललंय ते दाखवणं.
परिणाम: सभासद कालचे आकडे आजचे समजतो. फॅट कमी दिसली तर केंद्रावर परत जातो किंवा फोन करतो.

आता कळतं की तारीख मोठी केली तरी मथळा खोटंच सांगत राहील. एका नोंदीत एकच दोष ठेवा. ‘बिलाचा पडदा गोंधळाचा आहे’ अशी नोंद आली की ती फोडा. त्यात तीन-चार वेगळे दोष असतात आणि त्यांचं गांभीर्यही वेगळं असतं. आणि ज्या नोंदीत परिणामाची ओळ भरताच येत नाही, ती बहुतेक आवड-नावड असते. ‘हिरवा रंग जुनाट वाटतो’ ही आमची एक नोंद याच कसोटीवर गळाली.

तिघांच्या याद्या मिळून ५२ नोंदी झाल्या. सारख्या एकत्र करून, आवडी-निवडी काढून ३१ उरल्या. एकत्र करताना जपा: दोन नोंदींत पडदा एकच असला तरी कारण वेगळं असेल तर त्या वेगळ्याच ठेवायच्या.

गांभीर्य: दोष समोर आला तर काय होतं?

नील्सन यांची मोजपट्टी ० ते ४ अशी आहे: ० म्हणजे हा दोषच नाही, १ म्हणजे दिसण्यापुरता, २ किरकोळ, ३ मोठा, ४ म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय अ‍ॅप बाहेर काढूच नये असा. त्यांच्या मांडणीत गांभीर्य तीन गोष्टींचं मिळून बनतं: दोष किती वेळा येतो, आला तर किती नुकसान करतो, आणि एकदा कळल्यावर माणूस तो टाळू शकतो की तो प्रत्येक वेळी छळतो.

इथे नवख्यांची हमखास गफलत होते. गांभीर्याचा आकडा देताना ‘हे रोज होतं’ म्हणून २ चे ३ करतात आणि पुढे वारंवारतेच्या रकान्यात त्याच ‘रोज’ला पुन्हा गुण देतात. एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि क्वचित येणारे पण भयंकर दोष यादीच्या तळाला जातात. वारंवारतेचा वेगळा रकाना ठेवणार असाल तर गांभीर्यातून वारंवारता पूर्ण काढून टाका. गांभीर्याचा प्रश्न एवढाच ठेवा: समजा हा दोष एका सभासदाच्या समोर एकदा आला, तर त्याचं काय होतं?

आकड्यांचे अर्थ आपल्या अ‍ॅपच्या भाषेत आधी लिहून काढा. आमच्याकडे ४ म्हणजे पैसा किंवा माल चुकीच्या जागी जातो आणि सभासदाला स्वतः तो परत फिरवता येत नाही. ३ म्हणजे काम अडतं, फोन करावा लागतो किंवा केंद्रावर जावं लागतं. २ म्हणजे उशीर होतो, पण तो स्वतः वाट काढतो. १ म्हणजे खटकतं, काम होतं. असे अर्थ लिहिलेले नसले तर एकाचा ३ हा दुसऱ्याचा २ असतो.

आकडे पुन्हा एकेकट्याने द्यायचे. एकाच माणसाने दिलेल्या आकड्यावर भरवसा ठेवण्यासारखं नसतं, निदान तिघांची सरासरी हवी. पण सरासरी काढण्याआधी फरक पाहा. बँक खातं बदलण्याच्या पडद्याला आमचे आकडे आले ४, ४ आणि २. दोष असा: खाते क्रमांक एकदाच टाकायचा, पुन्हा विचारत नाही, ‘जतन करा’ दाबलं की पुढचं बिल त्या खात्यावर. एक आकडा चुकला आणि तो क्रमांक योगायोगाने दुसऱ्या कुणाचा असला तर दहा दिवसांचे दुधाचे पैसे तिकडे. सरासरी काढली असती तर ३.३ येऊन विषय संपला असता. दोन देणाऱ्याला कारण विचारलं. तो म्हणाला, ‘पासबुकाचा फोटो घेतात ना, सचिव तपासतात.’ सचिवांना फोन केला तेव्हा कळलं की फोटो फक्त नवीन सभासदाकडून घेतात. खातं बदलताना घेत नाहीत. त्याने स्वतःहून ४ केला. दोन किंवा जास्त घरांचा फरक आला की कुणाकडे तरी दुसऱ्यांना नसलेली माहिती असते किंवा कुणाचा तरी समज चुकलेला असतो. आधी तो उलगडा, मग सरासरी.

वारंवारता: कुणाला आणि किती वेळा?

वारंवारतेत दोन प्रश्न लपलेले आहेत आणि ते वेगळे विचारावे लागतात. किती जणांना हा दोष भेटतो? आणि ज्याला भेटतो त्याला किती वेळा भेटतो? दूध संस्थेच्या कामाची लयच अशी की हा हिशेब बोटांवर होतो. दूध पाहणं महिन्याला साधारण ६० वेळा. बिल महिन्याला ३ वेळा. पशुखाद्य महिन्यातून एक-दोनदा, तेही सगळे नाही. बँक खातं बदलणं वर्षानुवर्षांत एकदा.

आम्ही तीनच पायऱ्या केल्या. ३ म्हणजे बहुतेकांना, जवळजवळ प्रत्येक वापरात. २ म्हणजे काहींना नेहमी, किंवा बहुतेकांना अधूनमधून. १ म्हणजे थोड्यांना आणि क्वचित. याहून बारीक पायऱ्या करण्याइतकी खात्रीची माहिती तपासणाऱ्याकडे नसतेच.

वारंवारता लिहिताना ‘कुणापैकी’ हे सांगायलाच हवं. खातं बदलण्याचा दोष ४०० सभासदांपैकी फार थोड्यांना भेटतो. सचिवांच्या रजिस्टरात वर्षभरात खातं बदलल्याच्या २३ नोंदी होत्या. पण खातं बदलणाऱ्यांपैकी तो प्रत्येकाला भेटतो. आम्ही सगळ्या सभासदांपैकी असाच हिशेब धरला आणि त्या दोषाला १ दिला. दुसरा हिशेबही चालतो, मात्र एका यादीत दोन्ही मिसळले की आकड्यांना अर्थ राहत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती स्वतःच्या फोनवरून अंदाज बांधण्याने. जुने आकडे दाखवणाऱ्या त्या पडद्याला आम्ही तिघांनीही आधी १ दिला होता, कारण आमच्या घरी नेट कधी जात नाही. मग एका सकाळी सहाला केंद्रावर गेलो. पत्र्याची शेड, आत काटा आणि फॅट मशीन, आणि फोनवर नेटची एक दांडी, तीही येत-जात. रांगेतून बाहेर पडणारा माणूस किटली ठेवून तिथेच फोन उघडत होता. दहा जणांमागे उभं राहून पाहिलं, सहा जणांच्या फोनवर काल संध्याकाळचे आकडे होते. १ चा ३ झाला. सचिव म्हणाले, ‘ताई, सकाळी मला निम्मे फोन याचेच असतात. मी सांगतो, घरी जाऊन परत उघडा.’

म्हणून वारंवारतेच्या आकड्यापुढे तो कुठून आला हे एका शब्दात लिहा: ‘मोजलेला’, ‘विचारलेला’ की ‘अंदाज’. सर्व्हरवर अ‍ॅप किती वाजता उघडतात याची नोंद असते, केंद्रावर तक्रारीचे फोन येतात, रजिस्टर असतं. यांतलं काहीच हाती नसेल तर अंदाज लिहा, पण अंदाज म्हणूनच.

सोबत एक छोटा रकाना आणखी ठेवा: एकदा कळल्यावर टाळता येतो का, हो की नाही. बिलाच्या पडद्यावरून मागे आलं की अ‍ॅप यादीवर न जाता थेट पहिल्या पडद्यावर जायचं. वैताग येतो, पण दोन-तीन बिलांनंतर माणसं जुळवून घेतात. जुन्या आकड्यांचं तसं नाही. दोष माहीत असूनही आत्ता समोर दिसतंय ते आजचं की कालचं हे ओळखता येत नाही.

क्रम लावणं

गांभीर्य आणि वारंवारता यांचा गुणाकार करण्याचा मोह होतो. आम्हीही करून पाहिला. सहा दोषांचं असं दिसलं:

| दोष | गांभीर्य | वारंवारता | गुणाकार |
|---|---|---|---|
| नेट नसताना जुने आकडे ‘आजचं दूध’ म्हणून | ३ | ३ | ९ |
| कपातीला `Ded.`, कशाची ते नाही | ३ | २ | ६ |
| पशुखाद्याचं बटण दोनदा दाबलं की दोन मागण्या | ३ | २ | ६ |
| बिलावरून मागे येताना यादी सुटते | २ | २ | ४ |
| बँक खाते क्रमांक एकदाच विचारतो | ४ | १ | ४ |
| उघडताना चार सेकंद गाईचं चित्र | १ | ३ | ३ |

गुणाकाराने बँक खातं आणि मागे येण्याचा वैताग एकाच पायरीवर बसवले. दहा दिवसांच्या दुधाचे पैसे जाणं आणि एक जादा टिचकी यांची बरोबरी कोणत्याही शेतकऱ्याला पटणार नाही. गुणाकार फसतो कारण हे आकडे मापं नाहीत, नुसत्या पायऱ्या आहेत. २ हा १ च्या दुप्पट गंभीर असतो असं कुठेच ठरलेलं नाही.

म्हणून आम्ही साधा नियम केला. गांभीर्य ४ असलेले सगळे दोष आधी, वारंवारता काहीही असो. त्यानंतर गांभीर्य ३ चे, त्यात जास्त वेळा भेटणारे वर. त्यानंतर २ आणि १ चे, त्यातही टाळता न येणारे वर. बरोबरी झाली तर दुरुस्तीला कमी वेळ लागणारा आधी. असं केल्यावर बँक खातं पहिलं, जुने आकडे दुसरे. मग `Ded.`, कारण तिथे शब्द बदलून पुढे ‘पशुखाद्य’ किंवा ‘उचल’ लिहिणं अर्ध्या दिवसाचं काम होतं; पशुखाद्याच्या दुहेरी मागणीला सर्व्हरमध्ये हात घालावा लागणार होता, ती चौथी. गाईचं चित्र शेवटी राहिलं, जरी अध्यक्षांची पहिली तक्रार तीच होती.

या यादीची एक मर्यादा पक्की लक्षात ठेवा. तपासणाऱ्यांना खटकलेल्या काही गोष्टींवर खरे वापरणारे अडखळतच नाहीत, आणि ते जिथे अडखळतात तिथलं काही तपासणाऱ्यांना दिसत नाही. पहिले पाच-सहा दोष हातात घेण्याआधी चार-पाच सभासदांना तीच कामं करायला सांगून शेजारी गप्प बसा. आमच्या यादीत ‘एसएनएफचा अर्थ दिलेला नाही’ याला आम्ही २ दिला होता. पाचही जणांनी एसएनएफ आमच्यापेक्षा नीट समजावून सांगितलं. ती नोंद ० झाली.

दुरुस्तीनंतर त्याच पडद्यांवर पुन्हा फिरायचं, तेच निकष घेऊन. खाते क्रमांक आता दोनदा विचारतात आणि खातेदाराचं नाव दाखवून मगच जतन करतात. तो दोष मिटला. ‘आजचं दूध’चा मथळा नेट नसताना बदलतो आणि आकडे कोणत्या वेळेचे हे दाखवतो. पण ती ओळ `Last sync 18:42` अशी आली आहे. तिची नवी नोंद झाली: निकष भाषेचा, गांभीर्य २, वारंवारता ३, मोजलेली.